'कुणाकडे चांगला प्लंबर आहे का?'

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा प्रश्न अधूनमधून येतच असतो: 'कुणाकडे चांगला प्लंबर आहे का? अर्जंट.' पाच मिनिटांत चार कॉन्टॅक्ट येऊन पडतात. एकाचं नाव 'प्लंबर नवीन', दुसऱ्याचं 'प्लंबर कोपऱ्यावरचा', तिसऱ्याचं नुसतंच 'पाइप'. कुणी अंगठा उमटवतं, कुणी 'मलाही हवाय' लिहितं. मग टँकरचा विषय निघतो आणि सगळं वर सरकून जातं. विचारणारा पहिल्या नंबरला फोन लावतो. दोन महिन्यांनी दुसरं कुणी तोच प्रश्न पुन्हा विचारतं आणि तेच चार कॉन्टॅक्ट पुन्हा येतात.

यात फार मोलाची माहिती वाया जाते. शंभर-सव्वाशे बिऱ्हाडांच्या इमारतीत पाइप एकाच वयाचे असतात, बाथरूम एकाच बिल्डरने बांधलेल्या असतात, पाणीही एकाच टाकीचं असतं. आज तुमच्या घरात जी गळती आहे ती आणखी चार-पाच घरांत होऊन, दुरुस्त होऊन गेलेली असण्याची शक्यता मोठी असते. कुणी काय केलं, किती पैसे घेतले आणि ते काम टिकलं का, हे त्या घरांना माहीत असतं. ते बाहेर काढणारा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही, आणि आलेली उत्तरं कुणी एका जागी लावत नाही. ही दोन्ही कामं कशी करायची हे एका उदाहरणातून पाहू.

पुण्यातली वीसेक वर्षांची इमारत घेऊ. दुसऱ्या मजल्यावरच्या ताईंना खालच्या काकू सांगतात, 'अगं, आमच्या बाथरूमच्या छताला ओल आलीय, थेंब पडताहेत.' ताई लगेच ग्रुपवर लिहायला जातील, पण त्याआधी दोन दिवस थांबून एक गोष्ट तपासली तर प्रश्नच बदलतो. बाथरूमची गळती मुख्यतः दोन ठिकाणांहून होते. एक म्हणजे भिंतीतून नळापर्यंत येणारा पाण्याचा पाइप. त्यात कायम दाब असतो, त्यामुळे तो फुटला तर दिवसरात्र गळतो. दुसरी जागा म्हणजे पाणी बाहेर जाण्याचा मार्ग: नहाणी ट्रॅप, त्याचा सांधा, फरशीच्या फटींमधलं ग्राउट आणि त्याखालचं वॉटरप्रूफिंग. तिथून पाणी झिरपतं ते बाथरूम वापरल्यावर.

म्हणून ताई एक दिवस ती बाथरूम वापरत नाहीत, पण कॉक चालूच ठेवतात. काकूंच्या छतावरचे थेंब तरीही पडत राहतात. मग रात्री कॉक बंद करतात. सकाळी काकू सांगतात, 'थेंब थांबलेत.' म्हणजे गळती भिंतीतल्या पाइपची आहे. कॉक चालू असताना थेंब थांबले असते तर संशय फरशीवर गेला असता. तेव्हा ट्रॅपचं तोंड कापडाने घट्ट बंद करून, फरशीवर बोटभर पाणी साठवून चोवीस तास बघावं लागलं असतं. इथे बघायचे ते थेंब, डाग नव्हे. स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी सुकायला बरेच दिवस घेतं, त्यामुळे गळती थांबल्यावरही डाग तसाच दिसतो.

आता ताईंना 'चांगला प्लंबर' नकोय. भिंतीत गाडलेला पाइप शोधून, कमीत कमी टाइल फोडून तो बदलणारा माणूस हवाय. वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावलं तर तो सगळी फरशी उखडेल आणि पाइप भिंतीत गळतच राहील. ताई ग्रुपवर असं लिहितात:

'नमस्कार. आमच्या बाथरूमच्या भिंतीतला पाण्याचा पाइप गळतोय, खाली काकूंकडे थेंब पडताहेत. कॉक बंद केला की थांबतात. अशी भिंतीतल्या पाइपची गळती ज्यांनी स्वतःच्या घरी दुरुस्त करून घेतली असेल त्यांनी कृपया एवढं सांगा: काम कोणी केलं, केव्हा केलं, किती टाइल फोडाव्या लागल्या, साधारण खर्च किती आला आणि त्यानंतर पुन्हा ओल आली का. दुसऱ्या कामाचा अनुभव असेल तर तसं लिहा. वाईट अनुभव असेल तर मला वेगळा मेसेज करा. रविवारी रात्रीपर्यंत आलेली उत्तरं एकत्र करून यादी इथेच टाकते.'

मेसेज लांब आहे, पण त्यातल्या प्रत्येक वाक्याला काम आहे. काय बिघडलंय हे सांगितल्यामुळे गीझर बसवणाऱ्याची शिफारस आपोआप मागे पडते. 'स्वतःच्या घरी' म्हटल्यामुळे ऐकीव नावं कमी येतात. 'केव्हा' आणि 'पुन्हा ओल आली का' हे सगळ्यांत महत्त्वाचे प्रश्न आहेत, कारण गळतीचं काम झाल्याच्या दिवशी चांगलं झालं की वाईट हे कुणालाच सांगता येत नाही. वाईट अनुभवाला वेगळी वाट दिली नाही तर तो येतच नाही. ज्याने काम बिघडवलं त्याला ग्रुपवरच्याच कुणीतरी आणलेलं असतं, आणि शेजाऱ्याचं मन कोण दुखावणार? शेवटी मुदत आणि यादीचं आश्वासन. आपण लिहिलेलं वाया जाणार नाही असं दिसलं की एरवी गप्प बसणारेही चार ओळी लिहितात.

उत्तरं येतात. आता ती वाचायची कशी?

सगळ्यांत आधी येतो तो 'प्लंबर कोपऱ्यावरचा'. त्याच्याखाली नऊ अंगठे. पहिल्यांदा आलेल्या नावाला नेहमीच जास्त अंगठे मिळतात. पुढचे लोक तेच नाव बघतात, त्यांनाही तेच आठवतं आणि वेगळं नाव शोधायचा त्रास कुणी घेत नाही. ताई नऊपैकी ओळखीच्या चौघांना विचारतात, 'तुमच्याकडे याने काय केलं होतं?' एकाने नळ बदलून घेतलाय, दुसऱ्याने फ्लश टँक दुरुस्त करून घेतलाय. तिसऱ्याने कधी बोलावलेलंच नाही, पण 'माणूस चांगला आहे.' चौथ्याने चुकून अंगठा दाबलाय. म्हणजे या कामासाठी नऊ अंगठ्यांमागे एकही अनुभव नाही. माणूस वाईट नाही, हाकेच्या अंतरावर राहतो, बोलावलं की येतो. पण भिंतीतल्या पाइपबद्दल त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध काहीच पुरावा नाही, आणि यादीत तसंच लिहायला हवं.

दुसरं नाव दोन वेगवेगळ्या घरांतून आलंय. बी विंगमधल्या काकांकडे दीड वर्षापूर्वी हेच काम झालं, तीन टाइल फोडल्या, ४,५०० रुपये लागले, मधे एक अख्खा पावसाळा गेला, छत कोरडं आहे. सी विंगमधल्या एका घरी गेल्या दिवाळीनंतर झालं, तेही कोरडं आहे. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत आणि दोघांनी त्याला वेगवेगळ्या वाटांनी शोधलंय. असे दोन अनुभव नऊ अंगठ्यांहून कितीतरी भारी. दोघांची तक्रारही एकच: 'सांगितलेल्या दिवशी आला नाही, चार दिवसांनी आला.' ही तक्रार यादीतून गाळायची नाही. काकूंच्या छतातून थेंब पडत असताना चार दिवस म्हणजे किती, हे ताईंना आधी कळलेलं बरं.

तिसरा नंबर 'बाथरूम लीकेज' या नावाने आलाय. ताई नंबर पडताळून बघतात तर तो दुसऱ्याचाच! प्रत्येकाने आपल्या फोनमध्ये वेगळं नाव ठेवलंय. म्हणून नावावर नव्हे, नंबरवर जुळवायचं. आता दुसऱ्या माणसाच्या पारड्यात तिसरा अनुभव पडला, पण त्या घरात काम फरशीच्या गळतीचं होतं आणि ते झालं तीन आठवड्यांपूर्वी. अजून पाऊसच पडलेला नाही. या अनुभवाची नोंद करायची, वजन द्यायचं नाही.

चौथं नाव सुचवलंय ते हार्डवेअरचं दुकान असलेल्या एका सभासदाने. प्लंबर त्याच्या दुकानातून माल नेतो. सभासदाने हे स्वतःहून सांगितलं, हे चांगलंच झालं. संबंध आहे म्हणून माणूस वाईट ठरत नाही, पण ही शिफारस अनुभवाची नाही, ओळखीची आहे.

पाचवं उत्तर खासगी मेसेजमधून आलंय. एका वॉटरप्रूफिंगवाल्याने संपूर्ण बाथरूम उखडली, ३८,००० रुपये घेतले आणि चार महिन्यांत खाली पुन्हा ओल दिसली. सांगणाऱ्याच्या बोलण्यातला संताप खरा आहे. तरी ताई विचारतात, 'तेव्हा कॉक बंद करून बघितला होता का?' नव्हता. म्हणजे काम वाईट झालं, की काम चांगलं झालं पण गळती मुळात पाइपचीच होती, हे आज सांगता येत नाही. हे नाव यादीत येणार नाही, आणि ते का आलं नाही हेही ग्रुपवर लिहिलं जाणार नाही. एका घराच्या अर्धवट माहितीवरून कुणाची रोजीरोटी तोडायचा अधिकार आपल्याला नाही.

हे सगळं करायला एक कागद आणि अर्धा तास पुरतो. नंबर, सांगणारा कोण, अनुभव स्वतःचा की ऐकीव, काम कोणतं, केव्हा झालं, पुढे काय झालं, अशा सहा रकान्यांत प्रत्येक उत्तर भरायचं. रिकामा राहिलेला रकाना स्पष्ट दिसतो आणि तिथेच पुढचा प्रश्न विचारायचा असतो. रविवारी रात्री ताई ग्रुपवर टाकतात ती यादी अशी (नावं आणि नंबर इथे गाळले आहेत):

'भिंतीतल्या पाइपची गळती. ८ जूनपर्यंत आलेल्या उत्तरांवरून.
एक: आपल्याच इमारतीत दोन घरी हेच काम, एकीकडे पावसाळा जाऊनही कोरडं. खर्च साधारण ४,५००. उशिरा येतो, दोन्ही घरांचा अनुभव. फोन करून यायची वेळ पक्की करावी.
दोन: कोपऱ्यावरचा. नळ आणि फ्लश टँकसाठी दोन चांगले अनुभव, लगेच येतो. भिंतीतल्या पाइपचा अनुभव ग्रुपमध्ये कुणालाच नाही.
तीन: हार्डवेअरच्या दुकानामार्फत. अनुभव कळलेला नाही, फक्त ओळख.
इतर कुणाचा अनुभव असेल तर सांगा, भर घालते.'

यादीत क्रमांक आहेत, पण तारे किंवा गुण नाहीत. 'साडेचार तारे' म्हटलं की उशिरा येणारा कुशल माणूस आणि लगेच येणारा साधा माणूस एकाच आकड्यात विरघळून जातात. ताईंना आज रात्री नळ तुटल्यावर हवा असलेला माणूस दुसरा आहे आणि भिंतीसाठी हवा असलेला पहिला. प्रत्येक नावापुढे कारण असलं की वाचणारा आपल्या कामानुसार निवडतो. तारीखही महत्त्वाची. प्लंबर गावी जातात, नंबर बदलतात, मुकादमाबरोबर दुसऱ्या साइटवर निघून जातात. देशभरातल्या शहरांत काम करणारे कितीतरी प्लंबर ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यातले आहेत, तिथे पिढ्यानपिढ्या हा व्यवसाय चालतो. सणावारी ते गावी गेले की दोन-तीन आठवडे हाती लागत नाहीत. वर्षभरापूर्वीची यादी म्हणूनच पुन्हा तपासून घ्यावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज पिन करता येतो, पण जास्तीत जास्त तीस दिवस. त्यामुळे यादी सोसायटीच्या ऑफिसच्या वहीतही उतरवून ठेवलेली बरी. प्लंबरचा नंबर सगळीकडे देण्याआधी त्याला एकदा विचारावं.

यादी हातात आली तरी निवड फोनवरच होते. ताई पहिल्याला विचारतात, 'दादा, टाइल फोडायच्या आधी पाइप कुठे गळतोय ते कसं शोधणार?' ज्याने हे काम केलंय तो सांगतो की गरम आणि थंड पाण्याच्या लायनी एकेक करून बंद करू, हातपंपाने लायनीत दाब देऊ आणि काटा कुठल्या लायनीवर खाली येतो ते बघू. जो न बघताच 'सगळी बाथरूम उघडावी लागेल' म्हणतो त्याला थांबवायचं. दुसरा प्रश्न: 'सांधा बदलल्यावर भिंत लगेच बुजवणार का?' याला बरोबर उत्तर एकच: नाही. सीपीव्हीसी पाइपचा सांधा सोल्यूशनने चिकटवल्यावर सुकायला वेळ द्यावा लागतो, मग पुन्हा दाब देऊन निदान एक रात्र बघायचं आणि त्यानंतरच टाइल बसवायच्या. ही दोन उत्तरं ऐकली की ग्रुपवरच्या शिफारशीत राहिलेली उणीव भरून निघते.

डॉक्टरांची गोष्ट वेगळी आहे. तीच पद्धत जशीच्या तशी वापरली तर घात होऊ शकतो.

१९७३ साली मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी अशा सेवांबद्दल लिहिलं, ज्यांचा दर्जा विकत घेतल्यानंतरही गिऱ्हाइकाला नीट कळत नाही. त्यांच्या विचारात दुरुस्तीची कामंही होती आणि वैद्यकीय उपचारही. भिंतीतल्या पाइपचा निकाल निदान एका पावसाळ्यात लागतो. गुडघ्यावर केलेली शस्त्रक्रिया गरजेची होती की नव्हती, हे रुग्णाला कधीच कळत नाही.

'आईचे गुडघे दुखतात, चांगला ऑर्थोपेडिक सुचवा' असा मेसेज आला की उत्तरं येतात, 'आमच्या डॉक्टरांनी तीन दिवसांत बरं केलं.' गुडघ्याच्या झिजेचं दुखणं चढतं-उतरतं असतं. माणूस डॉक्टरकडे जातो तो दुखणं शिगेला पोहोचल्यावर, आणि त्यानंतर ते बहुतेक वेळा थोडं उतरतंच, गोळी कुणाचीही असो. म्हणून 'गुण आला' हे उत्तर यादीत फारसं उपयोगाचं नाही. जे रुग्णाला स्वतः बघता येतं तेवढंच विचारायचं. डॉक्टरांनी तपासायला किती वेळ दिला? गुडघा हात लावून, वाकवून बघितला की फक्त एक्स-रे? व्यायाम, वजन, फिजिओथेरपी यांबद्दल आधी बोलले की पहिल्याच भेटीत शस्त्रक्रियेची तारीख दिली? खर्च आधी सांगितला का? दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचंय म्हटल्यावर कसे वागले? सुरुवातीच्या आणि मध्यम झिजेत व्यायाम आणि वजन कमी करणं हा उपचाराचा पाया आहे. त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळ काही सांगून जातं.

प्रश्न विचारतानाही जपून. आईचा आजार, तिचे रिपोर्ट, तिचं वय हे शंभर घरांना कळायची गरज नाही. 'एका ज्येष्ठ व्यक्तीसाठी' एवढं पुरतं, आणि उत्तरं थेट विचारणाऱ्याकडे मागवावीत. यादीत तीनपेक्षा जास्त नावं नकोत, आणि ती घेऊन पहिल्यांदा आपल्या फॅमिली डॉक्टरांकडे जावं. ज्ञानाचा जो भाग ग्रुपकडे नाही तो त्यांच्याकडे असतो: शहरातला कोणता सर्जन कशात मुरलेला आहे, आणि मुळात सर्जनची गरज आहे का.

डॉक्टरांच्या यादीत एक रकाना असा आहे जो शिफारशीने भरता येत नाही, तो तपासूनच भरावा लागतो: नोंदणी. अ‍ॅलोपथीच्या डॉक्टरांची महाराष्ट्रात महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंद असते. आयुर्वेद आणि होमिओपथीच्या परिषदा वेगळ्या आहेत. २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेनुसार डॉक्टरांनी नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो आणि प्रिस्क्रिप्शनवर छापायचा असतो. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन देणं-घेणंही त्याच आचारसंहितेत निषिद्ध आहे. नावापुढे एम.एस. किंवा डी.एन.बी. ऑर्थोपेडिक्स लिहिलेलं असेल तर ते कौन्सिलच्या नोंदीशी जुळतंय का हे बघणं शेजाऱ्याने 'खात्रीचे आहेत' म्हणण्यापेक्षा भरवशाचं.

काही वेळा मात्र ग्रुपवर विचारायचंच नाही. छातीत दुखतंय, अर्धं अंग लुळं पडलंय, श्वास लागतोय अशा वेळी 'जवळ चांगला डॉक्टर कोण' हा मेसेज टाइप करण्यात जाणारी मिनिटं परवडणारी नसतात. महाराष्ट्रात १०८ हा मोफत रुग्णवाहिकेचा नंबर आहे, तो लावायचा.

आता एक विनंती. काम झालं की ग्रुपवर 'धन्यवाद, झालं' एवढ्यावर थांबू नका. कोणाला बोलावलं, काय निघालं, किती पैसे लागले हे दोन ओळींत त्याच यादीखाली लिहा. आणि दिवाळीच्या आसपास, पावसाळा सरल्यावर, खालच्या काकूंच्या छताकडे एकदा बघून या आणि ते कोरडं आहे की ओलं, हेही लिहा. पुढच्या वर्षी ज्यांच्या भिंतीतला पाइप फुटेल त्यांना ग्रुपमधलं तेच एक वाक्य सर्वांत जास्त उपयोगी पडेल.